साठ पंखे गेले कुठे?



एका भगिनीचे पत्र आमच्यासमोर आहे. त्यांचे यजमान एका व्यापाऱ्याकडे गोडाऊन कीपर आहेत. मार्चअखेर मालाची मोजणी झाली, वहीत होता त्यापेक्षा माल कमी भरला, आणि मालकाने ‘पगारातून कापून घेऊ’ असे सुनावले. भगिनी लिहितात, “ऑडिटर साहेब आले, पाच-पंचवीस थप्प्या मोजल्या, कागदावर लाल खुणा केल्या आणि गेले. गोडाऊनमध्ये तीनशे जातींचा माल. त्यातल्या थोड्या मोजून त्यांना काय कळते? आणि कमी पडले की आळ आमच्या माणसावरच का येतो?”

प्रश्न रास्त आहे. आपल्या घरांतली कितीतरी माणसे गोडाऊनमध्ये, माल चढवण्या-उतरवण्याच्या कामात, टेम्पोवर आणि फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये काम करतात. मोजणीच्या रात्री घाम गाळतात ती हीच माणसे, आणि मोजणी म्हणजे काय हे त्यांनाच कोणी समजावून सांगत नाही. आम्ही काही वर्षे एका ऑडिट कचेरीतर्फे अशा मोजण्यांना जात होतो. तेव्हा या भगिनीला उत्तर देण्यासाठी आमच्या डोळ्यांसमोर घडलेली एक मोजणीच सांगतो.

आधी एक गैरसमज दूर करू. गोडाऊनमधला माल मोजणे हे ऑडिटरचे काम नव्हे, ते मालकाचे काम आहे. मालकाने आपल्या माणसांकडून सगळा माल मोजून घ्यायचा आणि ती मोजणी खरी होते की नाही, हे ऑडिटरने जागेवर उभे राहून पाहायचे. पूर्वी एवढेही होत नसे. मालक किंवा मॅनेजर ‘माल इतका आहे’ असे लिहून देई आणि ऑडिटर ते धरून चाले. मग १९३८ साली अमेरिकेत मॅकेसन अँड रॉबिन्स या औषधांच्या मोठ्या कंपनीचे प्रकरण उजेडात आले. कॅनडातल्या गोदामांत कोट्यवधींचा माल आहे असे तिच्या हिशेबात वर्षानुवर्षे दाखवले होते, आणि प्रत्यक्षात तिथे काहीच नव्हते. कागद सगळे जिथल्या तिथे होते, पण कोणी गोदामात जाऊन पाहिले नव्हते. त्यानंतर १९३९ पासून तिकडे ऑडिटरने मोजणीला हजर राहण्याचा दंडक पडला. आपल्याकडेही चार्टर्ड अकाउंटंटच्या संस्थेचे ‘एसए ५०१’ नावाचे मानक आहे. हिशेबात मालाची रक्कम मोठी असेल तर, जाणे अशक्य नसल्यास, ऑडिटरने मोजणीला हजर राहावे असे ते सांगते.

आता आमच्या गोडाऊनकडे वळू. ते भिवंडीच्या बाजूला होते. माल विजेच्या सामानाचा : छताचे पंखे, मिक्सर, वायरची बंडले, बटणे, होल्डर असे सगळे. यादीत ३१२ जाती आणि एकूण किंमत ४८ लाखांच्या घरात. ३१ मार्चला रात्री ८ वाजता मोजणी सुरू व्हायची होती. आमच्याबरोबर ज्येष्ठ ऑडिटर होते. ते सातलाच पोचले आणि कोणत्याही थप्पीकडे न जाता थेट गोडाऊन कीपरच्या टेबलाशी बसले.

त्यांनी पहिल्यांदा दोन पुस्तके मागितली. एक माल बाहेर गेल्याच्या चलनांचे आणि दुसरे माल आत आल्याच्या पावत्यांचे. बाहेर गेलेले शेवटचे चलन होते नंबर ११८७ आणि आत आलेली शेवटची पावती होती नंबर ५६२. हे दोन आकडे त्यांनी आपल्या वहीत लिहून घेतले, पुढे वेळ घातली आणि कीपरची सही घेतली. मग मोजणी संपेपर्यंत आवक-जावक बंद ठेवायला सांगितले. यालाच ऑडिटच्या भाषेत ‘कट-ऑफ’ म्हणतात. वाहत्या नदीचे पाणी मोजायचे तर कुठेतरी बांध घालावा लागतो, तसा हा बांध. त्याच्या अलीकडचे सगळे या वर्षाचे आणि पलीकडचे सगळे पुढच्या वर्षाचे. त्या वेळी आम्हाला हे दोन नंबर क्षुल्लक वाटले होते. ते किती मोलाचे होते, ते पुढे दिसेल.

दाराजवळ बारा मिक्सर वेगळे ठेवले होते. त्यांचे बिल ३० मार्चलाच झाले होते, गिऱ्हाईक अजून न्यायला आले नव्हते. म्हणजे माल गोडाऊनमध्ये, पण मालकी दुसऱ्याची. ते बाजूला काढून त्यांच्यावर ‘मोजू नये’ अशी चिठ्ठी लावली. नाहीतर एकच माल विक्रीतही आला असता आणि शिल्लक मालातही.

मग मोजणी सुरू झाली. दोघादोघांच्या जोड्या केल्या, एकाने मोजायचे आणि दुसऱ्याने लिहायचे. लिहायच्या कागदांवर क्रमांक छापलेले होते, पण वहीतली शिल्लक त्यावर मुद्दाम घातली नव्हती. वहीत ६४० आहे हे माणसाला आधीच ठाऊक असेल, तर ६०० मोजून झाल्यावर तो थकून ६४० लिहून मोकळा होतो. आकडा ठाऊक नसला की मोजावेच लागते. मोजून झालेल्या थप्पीवर खडूने फुली मारायची, म्हणजे ती दोनदा मोजली जात नाही आणि राहूनही जात नाही.

आता त्या भगिनीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर. ऑडिटर सगळे मोजत नाही, मग थोडे मोजून त्याला काय कळते? आमच्या साहेबांनी ३१२ जातींची यादी किमतीप्रमाणे लावून आणली होती. वरच्या १४ जातींतच ३१ लाखांचा माल होता. या चौदाच्या चौदा आम्ही स्वतः पुन्हा मोजल्या. राहिलेल्या २९८ जातींत पैसा थोडा आणि जाती फार. त्यातून पंचवीस निवडायच्या होत्या. मालक म्हणाले, “या इकडच्या बघा, सोप्या पडतील.” साहेब हसले आणि त्यांनी यादीवर पाचव्या ओळीपासून दर बारावी जात घेतली : पाच, सतरा, एकोणतीस, अशा पंचवीस. कोणती जात तपासली जाणार हे मालकाला आधी कळू नये, कीपरला कळू नये आणि ऑडिटरच्याही आवडीनिवडीवर राहू नये, यासाठी ही रीत. घरात भाताचे शीत दाबून बघतो तेव्हा आपण पातेल्याच्या कडेचे चार दाणे बघत नाही, मधून उचलतो. तसेच हे.

तपासणी दोन्ही बाजूंनी होते, हे मात्र बऱ्याच जणांना माहीत नसते. आधी कागदावरची नोंद घेऊन थप्पीकडे जायचे. त्याने कळते की कागदावर आहे ते खरोखर आहे का. मग उलट करायचे. गोडाऊनमध्ये फिरून मनाला येईल ती दहा खोकी दाखवायची आणि ती कागदावर आली का ते बघायचे. त्याने कळते की असलेला माल कोणी कागदाबाहेर तर ठेवला नाही ना. पहिल्या तपासणीत फुगवलेला माल सापडतो आणि दुसऱ्या तपासणीत लपवलेला. एकच बाजू तपासली तर अर्धेच कळते.

मोजतानाही डोळे उघडे ठेवावे लागतात. थप्पी लांबी-रुंदी-उंचीने मोजली की हिशेब झटपट होतो, पण आतून पोकळ असेल तर फसगत होते. म्हणून दोन थप्प्या माथाड्यांकडून मधून उतरवून पाहिल्या. पंख्यांची काही खोकी उचलून वजन पाहिले आणि दोन उघडली. रिकामे खोके चिकटपट्टी लावून ठेवले तर लांबून भरल्यासारखेच दिसते.

पंचवीस जातींत एक चूक सापडली. होल्डरची २० पाकिटे होती आणि कागदावर २४० नग लिहिले होते. मोजणाऱ्याने पाकिटात बारा नग धरले होते, पण त्या कंपनीची नवी पाकिटे दहाची होती. म्हणजे नग २००. इथे दोनशे लिहून पुढे जाता आले असते. साहेबांनी विचारले, “ही चूक का झाली?” कारण पाकिटाचे माप बदलले होते. मग त्याच कंपनीचा जेवढा माल पाकिटांत होता तेवढा सगळा पुन्हा मोजवला. आणखी तीन जातींत तीच चूक निघाली. नमुना तपासणीचे खरे काम हे आहे. सापडलेली चूक ही बहुधा एकटी नसते, तिच्या मागे एखादे कारण असते, आणि ते कारण जिथे जिथे लागू आहे तिथे तिथे जावे लागते. तसे कारण सापडले नाही तर नमुना वाढवावा लागतो.

रात्री दीडला काम संपले. वापरलेले, कोरे आणि फाडलेले असे सगळे कागद नंबराप्रमाणे जुळवले. कोऱ्या ओळींवर रेघा मारल्या. आम्ही तपासलेले आकडे आमच्या वहीत वेगळे उतरवून घेतले, म्हणजे नंतर कोणी कागदात खाडाखोड केली तर उघडी पडावी.

चार दिवसांनी मालकाचा फोन आला. वहीत छताचे पंखे ६४० आहेत आणि मोजणीत ५८० भरले. साठ पंखे कमी! प्रत्येकी १२०० रुपये खरेदीची किंमत धरली तर ७२,००० रुपयांचा माल. मालकाचा आवाज चढला होता. “चावी एकाच माणसाकडे असते,” ते म्हणाले. आम्ही गेलो तेव्हा गोडाऊन कीपर कोपऱ्यात उभा होता. अकरा वर्षांची नोकरी. बोलत काही नव्हता, हातातल्या चावीच्या जुडग्याशी नुसता चाळा करत होता.

साहेबांनी आपली वही काढली आणि ते दोन नंबर वाचले : ११८७ आणि ५६२.

मग त्यांनी ११८७ च्या आधीची पाच आणि नंतरची पाच चलने मागवली आणि प्रत्येकाचे बिल कोणत्या तारखेचे आहे ते पाहिले. बाकी सगळी जुळली. पण ११८७ नंबरचे चलन ३१ मार्चचे आणि त्याचे बिल २ एप्रिलचे! माल होता ४० पंखे. गेट रजिस्टरमध्ये नोंद होती की टेम्पो ३१ मार्चला संध्याकाळी ६ वाजून ५० मिनिटांनी बाहेर पडला. चलनाच्या प्रतीवर गिऱ्हाइकाची सही आणि तीच तारीख. जीएसटीच्या नियमाप्रमाणे माल निघतानाच बिल व्हायला हवे होते. पण बिल करणारा कारकून त्या दिवशी लवकर घरी गेला होता आणि त्याने बिल दोन दिवसांनी फाडले. वहीतली शिल्लक कमी होते ती बिलावरून. म्हणजे ३१ मार्चला चाळीस पंखे गोडाऊनबाहेर गेले होते, पण वहीत अजून आतच होते.

आता आवकेची बाजू. ५६२ नंबरच्या पावतीपर्यंतचा माल गोडाऊनमध्ये आला होता. पण खरेदीच्या वहीत ३१ मार्चला आणखी एक बिल चढवले होते. १८ पंख्यांचे, आणि त्यापुढे पावती नंबरच नव्हता. शोधले तेव्हा पावती निघाली ५६३ नंबरची, तारीख २ एप्रिल. पुरवठादाराने बिल आधी पाठवले होते आणि ट्रक मागून आला. अठरा पंखे मोजणीच्या रात्री रस्त्यावर होते.

हिशेब मांडला तो असा. वहीतले ६४०. त्यातून बाहेर गेलेले ४० वजा केले, राहिले ६००. वाटेत असलेले १८ वजा केले, राहिले ५८२. मोजणीत भरले ५८०. साठ पंख्यांची तूट दोनवर आली.

हे फक्त एका माणसाच्या नावाचे प्रकरण नव्हते, वर्षाचा नफाही त्यामुळे चुकत होता. ते चाळीस पंखे प्रत्येकी १५०० रुपयांना, कर सोडून, विकले होते. मोजणीप्रमाणे माल कमी धरला आणि ६०,००० रुपयांची विक्री पुढच्या वर्षात ढकलली, तर या वर्षाच्या नफ्यातून तेवढी रक्कम गळते. तसेच अठरा पंख्यांची २१,६०० रुपयांची खरेदी खर्चात धरली आणि माल मात्र शिलकीत धरला नाही, तर नफा आणखी तेवढ्याने कमी दिसतो. दोन्ही मिळून ८१,६०० रुपये. साहेबांनी विक्री ३१ मार्चला आणायला लावली. सौद्याच्या अटींप्रमाणे माल पुरवठादाराकडून निघाल्यापासून आपल्या मालकाचा होता, म्हणून अठरा पंखे ‘वाटेतला माल’ म्हणून वेगळ्या ओळीत दाखवले.

इथे झाली ती हलगर्जी होती. पण हाच खेळ कोणी मुद्दाम उलटाही खेळतो. बँकेला नफा जास्त दाखवायचा असला की ३१ मार्चच्या तारखेने बिले फाडायची, माल मात्र गोडाऊनमध्येच ठेवायचा आणि मोजणीतही धरायचा. एकच माल दोनदा मोजला गेला. म्हणून ऑडिटर मार्चच्या शेवटच्या बिलांना चलन आणि गेटची नोंद आहे का ते बघतो, आणि एप्रिलमध्ये कोणता माल ‘परत आला’ म्हणून दाखवला तेही बघतो. विकलाच नव्हता तो माल बहुधा याच वाटेने परत येतो.

राहिले दोन पंखे. त्यांचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही. साहेबांनी ‘तूट २ नग, २४०० रुपये’ अशी नोंद केली आणि तेवढी रक्कम शिलकीतून कमी केली. मालक म्हणाले, “म्हणजे दोन तरी त्यानेच...” साहेबांनी त्यांना मध्येच थांबवले. “मोजणी किती कमी आहे ते सांगते. कोणी नेले ते सांगत नाही. दोन पंखे चुकून एखाद्या टेम्पोत जास्त चढले असतील, आवकेतच दोन कमी आले असतील. माझ्या कागदात त्याचा पुरावा नाही, तुमच्याकडे असला तर दाखवा.”

भगिनी, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. मोजणीतली तूट हा चोरीचा पुरावा नव्हे. तुमच्या यजमानांनी पहिल्यांदा विचारावे की मोजणी कोणत्या दिवशी झाली. ती ३१ मार्चलाच झाली नसेल तर मागे जाऊन हिशेब करावा लागतो. समजा ५ एप्रिलला मोजले आणि ५५० भरले. १ तारखेपासून ७० बाहेर गेले आणि ४० आत आले. तर ३१ मार्चची शिल्लक ५५० अधिक ७० वजा ४०, म्हणजे ५८०. ही बेरीज-वजाबाकी न करता ५५० चा आकडा मार्चच्या वहीशी भिडवला, तर खोटी तूट दिसणारच.

मग त्यांनी त्या मालाची शेवटची चार-पाच चलने, आवकेच्या पावत्या आणि गेट रजिस्टर घेऊन बसावे, आणि प्रत्येकाची तारीख बिलाच्या तारखेशी ताडून पाहावी. पाकीट किती नगांचे धरले तेही पाहावे. जिथे फरक निघेल तो कागदावर लिहून मालकाला द्यावा आणि एक प्रत ऑडिटरलाही दाखवावी. पगारातून कपात करायची तर तो माल त्या कामगाराच्या खास ताब्यात होता आणि त्याच्याच हयगयीने गेला, असे असावे लागते. कपातीआधी त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी देणे वेतनाच्या कायद्याने बंधनकारक आहे. तेव्हा ते म्हणणे तोंडी न मांडता या तारखांनिशी मांडावे.

गोडाऊनमध्ये काम करणाऱ्या सगळ्याच बांधवांना आमचे सांगणे एवढेच, की चलनावर तारखेबरोबर वेळही घाला, टेम्पोचा नंबर घाला आणि नेणाऱ्याची सही घेतल्याशिवाय माल सोडू नका. मोजणीच्या कोऱ्या कागदावर कधी सही करू नका. स्वतः मोजले त्यावरच सही करा, आणि शेवटच्या आकड्याखाली रेघ मारायला विसरू नका.

आमच्या त्या गोडाऊन कीपरने ११८७ नंबरच्या चलनावर वेळ घातली होती आणि सहीही घेतली होती. गेटवरच्या वॉचमननेही आपली नोंद नीट केली होती. त्या दोघांच्या अक्षरांतल्या त्या दोन ओळी नसत्या, तर साहेबांनाही चाळीस पंखे शोधता आले नसते.